एक कोटी शब्दांचा हिशेब: रेझ्युमे दुरुस्तीच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

महिन्याभरापूर्वी एका अनुवाद एजन्सीला रेझ्युमे पाठवला होता, त्यावर आज व्हेंडर मॅनेजरची तीन ओळींची मेल आली. "आपण ९ वर्षांत १ कोटी शब्दांचा अनुवाद केल्याचं लिहिलं आहे. वर्षाला २५० कामाचे दिवस धरले तर रोजचे साधारण ४,४०० शब्द होतात. त्याच काळात वर्षाला ४० दिवस दुभाषाचं कामही दाखवलं आहे. हे कसं बसतं, ते कळवाल का?"

बसत नाही. ते ४० दिवस वजा केले तर अनुवादाला २१० दिवस उरतात आणि रोजचा आकडा ५,३०० च्या आसपास जातो. माझा खरा वेग दिवसाला दोन ते अडीच हजार शब्दांचा आहे. सोपा मजकूर असेल आणि सवयीचा विषय असेल, तर तीन हजार. म्हणजे मी जे लिहिलंय ते मी करू शकणारच नाही. गंमत म्हणजे खोटं लिहायचा इरादा नव्हता. दरवर्षी जुन्या आकड्यात अंदाजाने भर घालत गेले आणि एका वर्षी तो गोल होऊन एक कोटी झाला.

उत्तरात "आठवड्याभरात तपशील पाठवते" एवढंच लिहिलं. आता सगळं मुळापासून मोजायचं.

७ जानेवारी

साधनं जमवली: २०१५ पासूनचे इन्व्हॉइस, कॅट टूल म्हणजे अनुवादाला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरमधले विश्लेषण अहवाल (२०१७ नंतरचेच सापडले), आणि दुभाषाच्या कामांची डायरी. एक कोरी स्प्रेडशीट उघडली. रकाने ठरवायलाच दुपार गेली, कारण मोजायचं काय हेच आधी ठरेना.

इन्व्हॉइसवर तीन तऱ्हांचे आकडे आहेत. एजन्स्या सोर्स, म्हणजे मूळ मजकुराच्या शब्दांवर पैसे देतात. काही थेट ग्राहकांनी टार्गेटचे, म्हणजे मराठीचे शब्द मोजले होते. कायद्याची कामं बरीचशी पानांवर. हे तिन्ही एकाच बेरजेत टाकणं म्हणजे लिटर आणि किलो एकत्र मोजणं.

मराठीत शब्द कमी लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती कमी हे कुणी मोजत नाही. 'द रिपोर्ट ऑफ द कमिटी वॉज सबमिटेड टू द कोर्ट' हे इंग्रजीत दहा शब्द. 'समितीचा अहवाल न्यायालयाला सादर करण्यात आला' हे मराठीत सहा. आर्टिकल गेलं, 'ऑफ' आणि 'टू' प्रत्यय होऊन शब्दाला चिकटले. माझ्याच बारा जुन्या फाइल्सचे दोन्ही आकडे काढले, तर इंग्रजीच्या १०० शब्दांना मराठीत सरासरी ७९ आले. त्यामुळे टार्गेटवर मोजलेली कामं ०.७९ ने भागून सोर्समध्ये आणली. पानांवरच्या कामांना असला शॉर्टकट नाही, त्या फाइल्स उघडूनच मोजाव्या लागणार.

नियम ठरला: रेझ्युमेतला प्रत्येक आकडा सोर्स शब्दांत, आणि ते तिथेच लिहायचं.

९ जानेवारी

आज खरी गोम सापडली. २०१९ चं एक वैद्यकीय उपकरणाच्या मॅन्युअल्सचं काम माझ्या डोक्यात 'ते सव्वा लाखाचं काम' म्हणून बसलेलं आहे. अहवाल काढून पाहिला. एकूण शब्द १,१८,४००. त्यात ४६,२०० शब्द रिपीटिशन, म्हणजे त्याच कामात पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं. २९,७०० शब्द टीएममधून, म्हणजे जुन्या अनुवादांच्या साठ्यातून जसेच्या तसे मिळालेले शंभर टक्के मॅच. १४,३०० शब्द फझी, म्हणजे ७५ ते ९९ टक्के जुळणारे. आणि अगदी नवे २८,२००.

मॅन्युअलच्या प्रत्येक आवृत्तीत 'यंत्र बंद करा, प्लग काढा, मगच झाकण उघडा' हेच असतं. ते मी एकदाच अनुवादित केलं, बाकीच्या ठिकाणी टूलने भरलं आणि मी नजर टाकली. त्या एजन्सीने रिपीटिशन आणि शंभर टक्क्यांना दराच्या १० टक्के दिले होते, फझीला ५० टक्के, नव्याला पूर्ण. त्याच हिशेबाने भारित शब्द काढले: रिपीटिशनचे ४,६२०, शंभर टक्क्यांचे २,९७०, फझीचे ७,१५० आणि नवे २८,२००. एकूण ४२,९४०. सव्वा लाखाचं काम त्रेचाळीस हजारांचं निघालं. त्याला दिवस लागले होते १९, म्हणजे रोजचे २,२६०. वेगाशी हा आकडा जुळतो, सव्वा लाखाचा जुळत नाही.

ही टक्केवारी प्रत्येक एजन्सीची वेगळी असते, त्यामुळे भारित आकडा काही देववाणी नाही. पण सगळ्या कामांना एकच मापपट्टी लावली की निदान आपल्याच दोन वर्षांची तुलना होते. मी वरचीच पट्टी सगळीकडे लावणार.

१३ जानेवारी

चार दिवस नुसतं टिपण. २०१५–१६ चे विश्लेषण अहवाल नाहीत, पण तेव्हा मी कॅट टूल वापरतच नव्हते, त्यामुळे पूर्ण सोर्स शब्द धरले तरी चालतात.

एका कायदेविषयक ग्राहकाच्या जुन्या फाइल्स युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. वर्डमध्ये मराठी दिसतं, पण फाँट बदलला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. हिंदीतून मराठीत केलेल्या अशा कामांत शब्दसंख्या बहुतेक बरोबर येते, कारण रिकामी जागा तीच असते. पण ती फाइल कॅट टूलमध्ये टाकली तर टीएममध्ये कचरा जमा होतो. तेव्हा मी आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून, मग जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासून घ्यायचे. हे कौशल्य आजवर रेझ्युमेत कधी लिहिलं नव्हतं! सरकारी आणि न्यायालयीन जुनी कागदपत्रं देणाऱ्याला मात्र नेमकं तेच हवं असतं. टूल्सच्या भागात एक ओळ वाढवली.

१५ जानेवारी

बेरीज झाली. हाताखालून गेलेले एकूण सोर्स शब्द ७१.६ लाख. भारित शब्द ४१.३ लाख. दुसऱ्यांच्या अनुवादाचं पुनरीक्षण १६.२ लाख. एक कोटी कुठून आले तेही कळलं: पहिला आणि तिसरा आकडा मिळवला तर ८७.८ लाख होतात, उरलेलं माझ्या गोल करण्याच्या सवयीने भरलं.

४१.३ लाख भागिले ९ म्हणजे वर्षाला ४.५९ लाख, आणि २१० दिवसांनी रोजचे साधारण २,१८५. हा माझा आकडा आहे. वाचणाऱ्यालाही कॅल्क्युलेटरवर पटेल.

पुनरीक्षण वेगळं ठेवलं. तिथे तासाला हजार शब्द सहज होतात, अनुवादात तेवढ्याला तीन-चार तास लागतात. दोन्ही मिळवले की वेगाचा काहीच अर्थ उरत नाही.

१६ जानेवारी

आता भाषाजोड्या. जुन्या रेझ्युमेत 'इंग्रजी ⇄ मराठी ⇄ हिंदी' असं लिहिलं होतं. दिसायला छान, पण त्यातून सहा दिशा निघतात आणि त्यातल्या तीनच माझ्या. शीटमध्ये दिशेचा रकाना लावून पाहिलं: इंग्रजीतून मराठीत ३४.६ लाख, हिंदीतून मराठीत ५.२ लाख, मराठीतून इंग्रजीत १.५ लाख. बाकीच्या तीन दिशा शून्य.

मराठीतून इंग्रजीत लिहावं की नाही यावर रात्री मैत्रिणीशी फोनवर वाद झाला. ती पुनरीक्षक आहे, तिचं म्हणणं, "मातृभाषेतच अनुवाद करतो असं लिही, तू ते इंग्रजीचं काढूनच टाक." मी म्हटलं, "ती सगळी खरेदीखतं, निकालपत्रं आणि प्रतिज्ञापत्रं आहेत. ते इंग्रजी ठरावीक साच्याचं असतं, आणि मूळ मराठी कळणारं माणूस त्यात जास्त लागतं. 'बिनदुमाला', 'कब्जेदार', 'पोटहिस्सा' हे न कळता चांगलं इंग्रजी घेऊन काय करू?" शेवटी तिनेच तोडगा काढला: दिशा ठेव, पण विषय बांधून दे. म्हणून आता लिहिलंय, 'मराठी → इंग्रजी (फक्त कायदेविषयक दस्तऐवज)'. कुणी कादंबरी पाठवणार नाही.

१८ जानेवारी

विषय. जुन्यात अकरा विषय होते, त्यात 'पर्यटन' आणि 'खेळ'सुद्धा, कारण कधीतरी एकेक माहितीपत्रक केलं होतं. भारित शब्दांत वाटणी केली तर वैद्यक आणि क्लिनिकल चाचण्या १९.८ लाख, कायदा ९.४, सॉफ्टवेअर आणि यंत्रांची मॅन्युअल्स ७.६, उरलेलं सगळं मिळून ४.५. अकराचे तीन झाले. 'उरलेलं' लिहिलंच नाही.

पण 'वैद्यक' एवढं लिहिणंही अपुरं. त्यातले बारा लाखांहून जास्त शब्द संमतीपत्रकं आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रकं यांचे आहेत. डॉक्टरांसाठीचे शोधनिबंध मी जवळजवळ केलेले नाहीत. संमतीपत्रकात 'रँडमायझेशन'ला 'यादृच्छिकीकरण' लिहिलं तर ते बरोबर असूनही निरुपयोगी, तिथे 'नाणं उडवून ठरवावं तसं, कोणत्या गटात जाल ते नशिबावर' असं समजावावं लागतं. शोधनिबंधात नेमकं उलट. दोन्ही वैद्यकच, पण माणसं वेगळी लागतात. म्हणून विषयाखाली दस्तऐवजाचा प्रकार लिहिला.

इथे शब्दांची मोजणी उलट्या बाजूने फसली. रुग्णांच्या प्रश्नावल्यांचं भाषिक प्रमाणीकरण मी ११ वेळा केलंय. एक प्रश्नावली असते जेमतेम अडीचशे-तीनशे शब्दांची. पण त्यात दोघांनी स्वतंत्र अनुवाद करायचा, मग दोन्ही जुळवून एक करायचा, तिसऱ्याने मूळ न पाहता तो परत इंग्रजीत न्यायचा, फरक निघाला की पुन्हा बसायचं, आणि शेवटी मोजक्या रुग्णांना वाचायला देऊन त्यांना काय कळलं ते विचारायचं. एका प्रश्नावलीत 'फीलिंग ब्लू'ला मी 'उदास वाटणं' केलं, दुसऱ्या अनुवादिकेने 'मन खट्टू होणं'. एका आजोबांनी 'खट्टू' वाचून सांगितलं, "ते मुलांचं, रुसल्यावर होतं ते." 'उदास' राहिलं. एवढ्याला तीन आठवडे.

हे सगळं शब्दांत मोजलं तर तीन हजार, म्हणजे दीड दिवसाचं काम! ते शब्दांच्या बेरजेतून काढलं आणि '११ प्रश्नावल्या, त्यांपैकी ७ मध्ये जुळवणीची जबाबदारी' असं संख्येत दिलं.

२० जानेवारी

दुभाषाचं काम. डायरीतून २८७ दिवस निघाले, आणि फोनवरच्या कामांच्या पावत्यांवरून ४१,००० मिनिटं, म्हणजे ६८३ तास. आठ तासांचा दिवस धरला तर ८५ दिवस. दोन्ही मिळून वर्षाला ४१. हा अंदाज तेवढा बरोबर होता.

दिवस आणि मिनिटं एकत्र करणार नाही. २८७ पैकी २१६ दिवस क्रमशः, म्हणजे वक्ता थांबल्यावर बोलायचं. ७१ दिवस समांतर, बूथमध्ये. समांतरला जोडीदार असतो आणि साधारण अर्ध्या तासाने माईक बदलतो, त्यामुळे 'समांतरचा एक दिवस' म्हणजे माझं बोलणं निम्मंच. बूथचे दिवस देणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून दिवसच लिहिले, तासांत फुगवले नाहीत.

भाषा इथे वेगळ्या पद्धतीने सांगतात. संमेलन-दुभाष्यांच्या जगात ए, बी, सी अशी विभागणी चालते. ए म्हणजे मातृभाषा. बी म्हणजे मातृभाषा नसूनही जिच्यात बोलून दाखवता येतं. सी म्हणजे जी पूर्ण कळते, पण जिच्यातून फक्त घेता येतं. माझं मराठी ए. हिंदी बी. इंग्रजीवर अडले. क्रमशः मध्ये मी इंग्रजीत बोलते, बूथमध्ये बोलत नाही, फक्त इंग्रजीतून मराठीत नेते. बी भाषा एकाच पद्धतीपुरती असू शकते हे मान्य आहे, तेव्हा 'इंग्रजी: बी (फक्त क्रमशः)' असं लिहिलं. मी संमेलन-दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सभासद नाही, त्यामुळे अक्षरं वापरली, संघटनेचं नाव कुठेही घातलं नाही.

२१ जानेवारी

प्रमाणपत्रांत सगळ्यात मोठी लाज निघाली. जुन्या रेझ्युमेत ठळक अक्षरांत 'आयएसओ १७१०० प्रमाणित अनुवादक' होतं. एका एजन्सीने कधीतरी मेलमध्ये 'तुम्ही आयएसओ १७१०० ला पात्र आहात' असं लिहिलं होतं, त्यावरून मी ते उचललं.

आयएसओ १७१००:२०१५ हे सेवेचं मानक आहे. अनुवाद कसा स्वीकारायचा, अनुवादकाने स्वतः कसा तपासायचा, मग दुसऱ्या माणसाने मूळ शेजारी ठेवून पुनरीक्षण करायचंच, ही सगळी प्रक्रिया त्यात आहे आणि प्रमाणपत्र त्या प्रक्रियेला मिळतं. मी एकटी बसून अनुवाद करते म्हणून मला मिळत नाही. माणसाबद्दल त्यात आहे ती पात्रता, कलम ३.१.४ मध्ये. तीन वाटा आहेत: अनुवादाची पदवी, किंवा दुसऱ्या कुठल्या विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुवादाचा अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. माझी पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची, म्हणजे वाट दुसरी. नवी ओळ: 'आयएसओ १७१००:२०१५ मधील अनुवादक-पात्रता पूर्ण (पदवी + अनुभव), पदवी आणि अनुभवाची पत्रं मागितल्यास देईन'. ठळक नाही. जी एजन्सी प्रमाणित असते तिला ही कागदपत्रं ऑडिटसाठी फाइलला लावावी लागतात, त्यामुळे 'पत्रं देईन' हे तिच्या कामाचं.

कॅट टूलचं प्रमाणपत्र आहे, ते जुन्या आवृत्तीचं. ते 'प्रमाणपत्रं' मधून काढून टूल्सच्या ओळीत वर्षासकट टाकलं. त्याने मला बटणं माहीत आहेत एवढंच सिद्ध होतं, अनुवाद येतो हे नाही.

२३ जानेवारी

टूल्सची जुनी ओळ: 'ट्रॅडॉस, मेमोक्यू, वर्डफास्ट, ओमेगाटी, एक्सबेंच – तज्ज्ञ'. तज्ज्ञ म्हणजे काय? स्वतःला एकच प्रश्न विचारला: उद्या सकाळी पॅकेज आलं तर कुणालाही न विचारता परत पाठवेन का? ट्रॅडॉसमध्ये हो: `.sdlppx` उघडते, काम करते, तपासणी चालवते, `.sdlrpx` परत करते. मेमोक्यूत सर्व्हरवरची कामं करते, स्वतः प्रकल्प उभारत नाही. वर्डफास्ट २०१८ नंतर उघडलेलं नाही, ते काढलं. ओमेगाटीत काम केलं, पण दोनच वेळा, तेही गेलं. एक्सबेंच रोज: आकडे जुळतात का, टॅग सुटलाय का, एकाच वाक्याचे दोन अनुवाद झालेत का. मराठीत याला एक खोड आहे. सोर्समध्ये 5 आणि टार्गेटमध्ये ५ असेल तर आकडा हरवल्याची चूक दाखवतं आणि शंभर खोट्या इशाऱ्यांत एक खरा दडतो. देवनागरी अंकांची कामं मी आधी साध्या अंकांत तपासते, अंक शेवटी बदलते. हेही एका ओळीत लिहिलं.

२४ जानेवारी

नवा रेझ्युमे दोन पानी झाला. पीडीएफ केली आणि मजकूर काढून पाहिला, कारण बऱ्याच एजन्स्यांकडे तो आधी सॉफ्टवेअर वाचतं.

```
pdftotext resume.pdf - | less
```

इंग्रजी नीट आलं. मराठी नमुना-परिच्छेदात 'किंमत'ची वेलांटी सुटी पडली होती आणि 'वर्ष'चा रफार पुढच्या शब्दाला चिकटला होता. पडद्यावर सुंदर, आतून मोडकं. दुसऱ्या फाँटने पुन्हा निर्यात केली तेव्हा वेलांटी आली, रफार नाहीच. शेवटी मराठी नमुना वेगळ्या फाइलमध्ये दिला आणि रेझ्युमेत भाषांची नावं रोमन लिपीत ठेवली.

मैत्रिणीला वाचायला दिलं. दहा मिनिटांत तिचा संदेश: "नमुन्यात 'शुध्द' लिहिलंयस. द ला ध, ध ला द नाही." पाच वेळा वाचलं होतं मी. 'शुद्ध' केलं. तोही शब्द शुद्धच असावा!

आणखी एक तिने पकडलं. गोपनीयतेच्या करारामुळे ग्राहकांची नावं मी दिली नव्हती, पण एका ठिकाणी उपकरणाचा प्रकार, वर्ष आणि देश असं तिन्ही दिलं होतं. "हे उपकरण करणारे किती आहेत? नाव लिहिल्यासारखंच झालं." 'निदान-उपकरणांचा उत्पादक' एवढंच ठेवलं.

२५ जानेवारी

पाठवला. सोबत मेलमध्ये चार ओळी: एक कोटी चूक होतं, आता सोर्स शब्दांत भारित ४१.३ लाख, एकूण ७१.६ लाख, पुनरीक्षण १६.२ लाख वेगळं, पट्टी अमुक. आठवड्याभरात म्हटलं होतं, तीन आठवडे लागले, त्याबद्दलही लिहिलं.

३० जानेवारी

उत्तर आलं. "धन्यवाद, आता बसतं. संमतीपत्रकांच्या पुनरीक्षणासाठी आपला विचार करत आहोत. १६.२ लाखांपैकी संमतीपत्रकं किती?"

पुनरीक्षणाच्या ओळींना मी विषयाचा रकाना लावलाच नव्हता. ४०८ ओळी आहेत. संध्याकाळपर्यंत २०२१ पर्यंत आले.